‘हो, बघतो’ म्हणून मोकळं व्हावं का?

ठिपका: मोठ्यांनी न मागता सल्ला दिला की हसून ‘हो, बघतो’ म्हणायचं आणि आपल्याला हवं तेच करायचं. वाद नाही, डोक्याला ताप नाही. इतकं सोपं असताना लोक भांडतात कशाला आणि धुमसतात तरी कशाला?

रिकामटेकडी: हे वाचून राहवलं नाही. ‘बघतो’ म्हणताना तुम्ही विषय संपवत असता, पण ऐकणाऱ्याला तो होकार वाटतो. माझ्या भावाने नोकरी सोडून भाषांतराचं काम घरून सुरू केलं. काका म्हणाले, स्पर्धा परीक्षा दे. हा म्हणाला, बघतो. पुढच्या भेटीत काकांचा पहिला प्रश्न, ‘फॉर्म भरलास?’ पुन्हा बघतो. तिसऱ्यांदा काकांनी कुणाकडे तरी त्याच्यासाठी शब्दही टाकून ठेवला होता. मग हा फुटला, आणि सगळ्यांच्या लेखी काका बिचारे, हा उद्धट.

नंतर त्याने पवित्रा बदलला. काकांना मध्येच न तोडता बोलू दिलं आणि विचारलं, ‘दर महिन्याला ठरलेले पैसे येणार नाहीत, याची काळजी वाटते ना?’ काका म्हणाले, ‘मग काय!’ आणि आवाज खाली आला. मग याने एकच वाक्य सांगितलं, ‘वर्षभर हेच करायचं ठरवलंय.’ कारणं दिली नाहीत. कारण सांगितलं की ते खोडता येतं, आणि मग वाद कारणावर चालतो. शेवटी त्याने त्यांना येतं तेच विचारलं, ‘तुमच्या धंद्यात उधारी थकली की काय करायचात?’ काका अर्धा तास बोलले. निम्मे पैसे आगाऊ घ्यायची सवय याला तिथूनच लागली. निघताना काका म्हणालेच, ‘तरी परीक्षेचं बघ.’ म्हणू देत.

निवृत्त मास्तर: म्हणजे आम्हाला कसं हाताळायचं याची कृती सांगताय! आणि सल्ले फक्त आम्हीच देतो का? माझा मुलगा फोनवर ‘कसे आहात’ विचारायच्या आधी ‘आज चाललात का?’ विचारतो. सून रोज एक व्हिडिओ पाठवते, कसं बसावं, कसं झोपावं. मी मागितला होता?

अवंती: काका, ते तब्येतीसाठी असतं. दोन्ही एक कसं?

निवृत्त मास्तर: तुमची नोकरी म्हणजे तुमचं आयुष्य, आणि माझे गुडघे काय सार्वजनिक मालमत्ता?

सरळरेषा: मास्तरांचं बरोबर आहे, रागवू नका. आपल्या मर्जीवर कुणी हात टाकतंय असं वाटलं की माणसाला उलट करावंसं वाटतं, भले सल्ला सोन्यासारखा असो. मानसशास्त्रज्ञ जॅक ब्रेम यांनी 1966 साली हा सिद्धांत मांडला, आणि त्यात वयाची अट नाही. मास्तर, मुलाने विचारलं त्या दिवशी तुम्ही चालायला जाता का?

निवृत्त मास्तर: नाही. मुद्दाम नाही.

अवंती: वा! म्हणजे तुमच्या सल्ल्यावर आम्ही काय करतो ते तुम्हाला पक्कं ठाऊक आहे.

निवृत्त मास्तर: ठाऊक आहे. म्हणून काय सल्ला द्यायचा थांबवू?

एकलव्य: मला हे सगळं फार वाटतं. गप्प बसावं. संयम म्हणतात त्याला.

सरळरेषा: शांत असाल तर गप्प बसा, मी कोण नाही म्हणणार? पण घरी येऊन रात्री मनातल्या मनात उत्तरं रचत असाल, तर तो वादच आहे, फक्त समोर कुणी नाही.

एकलव्य: …रचतो. पुढे बोला.

अवंती: रिकामटेकडी, तुझ्या भावाचं जमलं कारण तो स्वतः कमावतो. माझी फी बाबा भरतात. मी ‘ठरवलंय’ म्हणून गप्प बसले तर ते विचारणारच, कुणाच्या जिवावर?

रिकामटेकडी: हे मात्र खरं. ज्याचे पैसे लागलेत त्याला कारणं द्यावी लागतात. त्याला सल्ला म्हणू नकोस, ती वाटाघाट आहे. शांतपणे बसून किती दिवस आणि किती खर्च, ते बोल. काकांसाठीची युक्ती तिथे चालणार नाही.

ठिपका: बरं, बघतो म्हणणार नाही. पण आत्या चारचौघांत ‘लग्नाचं काय?’ विचारते तेव्हा कुठली काळजी शोधू? तिला फक्त मजा येते.

रिकामटेकडी: तिथे काहीच शोधू नकोस. ‘आत्या, हे नंतर बोलू’ म्हण आणि विषय बदल. दुसऱ्या दिवशी स्वतः फोन करून सांग, ‘हे सगळ्यांसमोर विचारू नकोस, मला अवघडायला होतं. एकट्यात विचार, सांगेन.’ फोन मात्र खरंच कर. नाही केलास तर ‘नंतर’चाही ‘बघतो’ होतो.

ठिपका: तिला फोन म्हणजे तासाची निश्चिंती.

निवृत्त मास्तर: एक सल्ला देऊ?

ठिपका: नको!