शाळेच्या बेंचचं पहिलंच टेंडर भरायलोय, ईएमडी अन् रेटचं सांगा

औसा_ट्रेडर्स: रामराम मंडळी. फर्निचरचं दुकान आहे, माल लातूर एमआयडीसीतून उचलतो. 400 ड्युअल डेस्कचं टेंडर निघालंय mahatenders वर, दोन लिफाफे. छोट्या उद्योगाचं उद्यम सर्टिफिकेट आहे तर ईएमडी, म्हणजे अनामत रक्कम, माफ होते का? अन् रेट कसा काढावा?

गोदाकाठ: उद्यम आहे ना मग टेंशन नाही भाऊ, एक्झम्प्शनला टिक करायचं अन् सर्टिफिकेट जोडायचं. मी दोनदा केलंय.

परभणी_कॉन्ट्रॅक्टर: पीडब्ल्यूडीचं रजिस्ट्रेशन कोणत्या क्लासचं आहे? त्याच्याशिवाय काम मिळत नाही.

औसा_ट्रेडर्स: दादा, रस्त्याचं नाही, बेंच पुरवायचेत.

जुना_पुरवठादार: गोदाकाठ, तुमचा स्वतःचा कारखाना असणार म्हणून चाललं. ट्रेडरला 2021 पासून उद्यम मिळतंय खरं, पण ते बँकेच्या प्राधान्य कर्जापुरतंच. सर्टिफिकेट उघडून बघा, मेजर ॲक्टिव्हिटीपुढं ट्रेडिंग लिहिलं असेल तर गपगुमान ईएमडी भरा. मी एका ऑफिसात नुसतं टिक करून बसलो होतो, टेक्निकललाच बाद झालो, रेटचा लिफाफा उघडलासुद्धा नाही. कारखानदाराचं उद्यम जोडूनबी चालत नाही, बोली तुमच्या नावावर आहे. त्याचं ऑथोरायझेशन लेटर मात्र मागितलं असेल तर आत्ताच घ्या, अन् सीएचं टर्नओव्हर सर्टिफिकेट यूडीआयएन नंबर असलेलंच.

आता रेट. समजा डेस्क 3600 ला पडतो, टॅक्स सोडून. गावोगावच्या शाळांपर्यंत टेम्पो 180, उतरवणं 40, म्हणजे 3820. बिल चार महिने अडकलं तर त्याचं व्याज 180 धरा, झाले 4000. वर 375 नफा ठेवला की 4375. त्याच्यावर 18 टक्के जीएसटी, एकूण 5162.50. आता बीओक्यू, म्हणजे रेट भरायची फाईल, नीट वाचा, रेट टॅक्ससहित मागितलाय का टॅक्स सोडून. सहित मागितला अन् तुम्ही 4375 टाकले तर हातात 3707 च राहतात, खर्चाच्याबी खाली, धरलेल्या रेटच्या मानानं 400 नगांवर पावणेतीन लाखाच्या आसपास खड्डा. अन् बिल निघालं की जीएसटी पुढच्या महिन्यात भरावाच लागतो, पैसे येवोत न येवोत.

गोदाकाठ: हां, माझा पत्र्याच्या कपाटाचा कारखानाच आहे. ट्रेडरचं डोक्यात आलं नाही.

औसा_ट्रेडर्स: बघितलं, ट्रेडिंगच लिहिलंय. वाचलो! बीओक्यूची फाईल डाउनलोड करून नाव बदलून सेव्ह केली तर चालतं ना?

जुना_पुरवठादार: अजिबात नाही. नाव तेच ठेवा, रकाने वाढवू नका, नाहीतर अपलोडच होत नाही. अन् रेटचा कागद चुकूनबी पहिल्या लिफाफ्यात जाऊ देऊ नका.

उमरगा_78: 375 लई झाले, आमच्याकडं लोकं शंभरावर भरायलेत.

जुना_पुरवठादार: भरू द्या की. वीस डेस्क वेल्डिंग कच्चं म्हणून परत आले की कळतं शंभर कुठं जातात ते.

औसा_ट्रेडर्स: उतरवणं कुणाकडं ते टेंडरात लिहिलंच नाही. प्री-बिडला विचारू का सरळ धरून टाकू?

उमरगा_78: विचारलं की तुमच्यावरच टाकतेत.