मदत हवी आहे: 7493 + 74138, फेरी एक होते आणि काउंटर तीन मोजतो

डिप्लोमा_नागपूर
नमस्कार. प्रोजेक्टसाठी बर्डीवरून एलएस मालिकेचे आयसी आणलेत. 7493 काउंटरचे खालचे तीन बिट 74138 डीकोडरला दिले, आठ आउटपुटांवर आठ एलईडी लावले. क्लॉक 555 चा, सेकंदाला एक. एलईडी 0 ते 7 बरोबर क्रमाने लागतात. पूर्ण फेऱ्या मोजायच्या म्हणून डीकोडरच्या 0 नंबरच्या आउटपुटवरून दुसऱ्या 7493 ला क्लॉक दिला. एका फेरीला आकडा एकने वाढायला हवा, तर तीनने वाढतो, कधी दोनने. पहिल्या 7493 ची 12 नंबरची पिन 1 ला जोडलेली आहे, रिसेट पिना ग्राउंडला. क्लॉक इतका हळू असूनही असं काऊन होतं?

स्कोअरबोर्डवाला
माझ्या कबड्डीच्या स्कोअरबोर्डला हेच व्हायचं. बटन एकदा दाबलं की गुण चारने वाढायचे. बटनाचे पत्रे थरथरतात. बटनापुढे 7414 लाव.

डिप्लोमा_नागपूर
दादा, माझ्याकडे बटनच नाही. क्लॉक थेट 555 मधून येतो.

सोल्डर_भाऊ
सप्लायचा नॉइज असेल. प्रत्येक आयसीजवळ 0.1 मायक्रोफॅरड लाव. तरी थांबलं नाही तर 0 च्या आउटपुटवर छोटा कपॅसिटर टाक.

लॅबवाले_काका
सप्लायचे कपॅसिटर लावाच, पण हा दोष त्यांनी जाणार नाही. 7493 मध्ये पहिला फ्लिपफ्लॉप पडला की त्याच्या पडण्यानेच दुसरा हलतो, दुसऱ्याच्या पडण्याने तिसरा. प्रत्येकाला साधारण 10 ते 20 नॅनोसेकंद लागतात. म्हणून 3 वरून 4 वर जाताना आकडा सरळ जात नाही. बिट असे बदलतात:

```
011 -> 010 -> 000 -> 100
```

मधले 2 आणि 0 हे आकडे काउंटरवर खरोखर येतात, क्षणभर का होईना. डीकोडरला खरं-खोटं कळत नाही. 000 दिसलं की तो 0 चं आउटपुट खाली ओढतो. 1 वरून 2 वर जाताना हेच होतं:

```
001 -> 000 -> 010
```

आता मोजा. 0 चं आउटपुट एका फेरीत एकदा खरं खाली येतं आणि दोनदा खोटं. दुसरा 7493 घसरत्या कडेवर मोजतो, म्हणून तीन. खोटा पल्स इतका अरुंद असतो की एखादा त्याच्याकडून सुटतो, तेव्हा दोन. डोळ्याला एलईडीवर यातलं काहीच दिसणार नाही.

क्लॉक हळू केल्याने फरक पडत नाही. पल्सची रुंदी ठरते फ्लिपफ्लॉपच्या उशिरावर. तासाला एक क्लॉक दिला तरी तो 1 वरून 2 वर जाताना येणारच. आउटपुटवर कपॅसिटर टाकला तर पल्स दबेल, पण कडही मंद होईल, आणि मंद कडेवर एलएसचा काउंटर पुन्हा चुकतो. मग मध्ये 7414 लागतो.

सोपा उपाय: 74138 ची 6 नंबरची एनेबल पिन प्लसवरून काढून क्लॉकला जोडा. 4 आणि 5 ग्राउंडलाच राहू द्या. 7493 क्लॉक खाली पडताना हलतो, त्याच वेळी डीकोडर बंद होतो. क्लॉक खाली असेपर्यंत तिन्ही बिट स्थिर होतात, वर गेला की खरा आकडा बाहेर येतो. क्लॉकचा खालचा भाग तिन्ही टप्प्यांच्या उशिरापेक्षा, म्हणजे पन्नास-साठ नॅनोसेकंदांपेक्षा, बराच मोठा हवा. 555 ला ती अडचण नाही. एलईडी मात्र प्रत्येक आकड्याला क्लॉक वर असेपर्यंतच लागतील.

व्हीएलएसआय_ताई
74163 लावला की प्रश्नच मिटला.

लॅबवाले_काका
ताई, त्याने मधले आकडे जातात, हमी मिळत नाही. बिट एकत्र हलले तरी डीकोडरच्या आतल्या वाटा सारख्या लांबीच्या नसतात, बारीक टोक येऊ शकतं. एका वेळी एकच बिट बदलणारा काउंटर हवा. 4017 आतून तसाच आहे.

डिप्लोमा_नागपूर
7493 च वापरायचा असं प्रोजेक्टमध्ये लिहिलंय. 6 नंबर क्लॉकला जोडली, आता फेरीला बरोबर एकच वाढतो! स्कोपवर आधी खोटा पल्स शोधला होता, काहीच दिसलं नव्हतं.

लॅबवाले_काका
टाइमबेस मिलिसेकंदात असेल तर तो दिसत नाही. जुनी जोडणी परत करून 0 च्या आउटपुटच्या घसरत्या कडेवर ट्रिगर लावा, टाइमबेस 20 नॅनोसेकंद ठेवा. क्लॉक काही किलोहर्ट्झवर न्या, म्हणजे ट्रिगर सारखा मिळेल. आणि एक गंमत बघा: मधला प्रत्येक खोटा आकडा सम असतो, कारण सर्वात खालचा बिट आधीच पडलेला असतो. फेऱ्या 7 च्या आउटपुटवरून मोजल्या असत्या तर हा दोष आलाच नसता.

व्हीएलएसआय_ताई
काका, डीकोडरच्या वाटा असमान असतात असं तुम्हीच म्हणालात. मग 1 वरून 2 वर जाताना 3 च्या आउटपुटवर टोक येणारच नाही असं कसं म्हणता? खालचा बिट पडल्याचं डीकोडरला उशिरा कळलं तर?

लॅबवाले_काका
कागदावर ते शक्य आहे. मी विषम आउटपुटवर कधी पाहिलं नाही, पण तेवढ्यावर पैज लावणार नाही. कोणाकडे 100 मेगाहर्ट्झचा स्कोप असेल तर 3 च्या आउटपुटवर लावून इथे फोटो टाका.