उत्तर: केशरी लेबल नीट वाचा

«कंपनी नावाजलेली आहे आणि बाळाच्या कार सीटवर केशरी लेबल आहे, मग अजून काय बघायचं?»

लेबल आहे हे चांगलंच, पण त्यावर काय लिहिलंय ते वाचा. एकाच कंपनीच्या दोन सीट वेगवेगळ्या नियमांखाली मंजूर असू शकतात. आर ४४ या जुन्या सुरक्षा नियमात सीट बाळाच्या वजनावर ठरते आणि बाजूने बसणाऱ्या धडकेची चाचणी सक्तीची नाही. नव्या आर १२९ मध्ये ती सक्तीची आहे, सीट उंचीवर ठरते आणि बाळ १५ महिन्यांचं होईपर्यंत पाठमोरंच बसवावं लागतं. जुन्या नियमाची सीट असेल तर लेबलवरच्या मंजुरी क्रमांकाचे पहिले दोन आकडे बघा. ०३ किंवा ०४ असेल तर ठीक, ०१ किंवा ०२ असेल तर कुणी फुकट दिली तरी घेऊ नका. गोलातल्या ई शेजारचा आकडा फक्त मंजुरी कोणत्या देशाने दिली ते सांगतो, दर्जा नाही.

आणि हे लेबल फक्त सीटचं. सीट ज्या स्ट्रोलरवर बसते त्याला वेगळं मानक आहे, युरोपात ईएन १८८८. एका हाताने घडी होते म्हणून स्ट्रोलर आवडतो, ते खरंच सोयीचं आहे. पण उघडल्यावर दोन्ही बाजूंचे लॉक बसले का ते दांडा वर ओढून आणि खाली दाबून तपासा. एकच लॉक बसला तरी स्ट्रोलर उभा राहतो, आणि पायरीवरून उतरवताना मिटतो.