'बघून घ्या' म्हणजे नेमकं काय बघायचं?

"साहेब नुसतं 'त्या हौसिंगचं बघून घ्या' म्हणतात. परत विचारलं की चिडतात."

बेळगावच्या उद्यमबागेतल्या कारखान्यात मीही हे भोगलंय. 'काय करू?' असं मोकळं विचारू नका, आपली समजूत लिहून पाठवा. मी व्हॉट्सअ‍ॅपवर टाकलं होतं: "सर, मी असं समजलो: परत आलेल्या 40 हौसिंगचं बोअर पुन्हा मोजायचं, मोठं निघेल ते बाजूला, रिपोर्ट शुक्रवारी. दोन गोष्टी राहिल्या. लहान निघालेलं इथंच रीबोअर करू का? पार्टीला कोण कळवणार? मोजणी दुपारी सुरू करतो, रीबोअर तुम्ही सांगितल्यावरच."

उत्तर आलं, "40 नव्हे, सगळा लॉट!" तोंडी बोलताना आमच्या कन्नड-मराठी सरमिसळीत हे निसटलंच असतं. नुसतं 'हां' आलं तर मात्र ते रीबोअरचं उत्तर धरू नका. तेवढा एकच प्रश्न फोनवर विचारा.