मदत हवी आहे: होर्डिंगच्या पायाचा आकार

६ मीटर रुंद, ३ मीटर उंच स्वतंत्र होर्डिंगची खालची कड जमिनीपासून ३ मीटरवर आहे. वाऱ्याचा दाब १ किलोन्यूटन प्रति चौरस मीटर व बलगुणांक १.५ धरल्यास बल २७ किलोन्यूटन येते आणि १.५ मीटर खोल पायाच्या तळाशी उलटवणारे आघूर्ण १६२ किलोन्यूटन-मीटर होते.

२.५ मीटर चौरस काँक्रीट ठोकळ्याचे वजन सुमारे २२५ किलोन्यूटन असल्याने सुरक्षा गुणक १.७४ मिळतो, पण उत्केंद्रता ०.७२ मीटर, म्हणजे रुंदीच्या एक षष्ठांशाहून अधिक असल्यामुळे वाऱ्याकडची कड उचलली जाते. वाऱ्याच्या दिशेने ३ आणि आडवा २ मीटर ठेवल्यास कमी काँक्रीटमध्ये गुणक २ होतो, तरी कड उचलली जातेच. हे चालेल का? भरावाची माती सैल असल्याने बाजूचा प्रतिरोध मी मुद्दाम धरलेला नाही; तो धरावा का?