चार जणांच्या टीमला जीडीडी पाहिजेच काहून?

तर्री_गेम्स, सदर: आमचा जीडीडी म्हणजे गेम डिझाइन डॉक्युमेंट ६० पानांचा होता, कोणी उघडूनही नाही पाहिला. चार जणांच्या टीमनं डॉक्युमेंटात वेळ घालवू नये, बोर्डवर टास्क टाका अन् प्रोटोटाइप बनवा. बाकी सगळा टाइमपास आहे.

धरमपेठ_डेव्ह: हे वाचून राहवलं नाही म्हणून लिहून राहिलो. ती ६० पानं कोणी वाचली नाहीत कारण त्यात राज्याचा इतिहास अन् हिरोचं बालपण असणार, आणि प्रोग्रामर जिथे अडतो तिथलं उत्तर नसणार. साधा डॅश घे, प्लेयर झपकन पुढे झेपावतो तो. टास्कवर लिहिलं होतं "डॅश, फास्ट वाटला पाहिजे". प्रोग्रामरनं ०.२ सेकंदाचा केला, म्हणजे ६० एफपीएसला १२ फ्रेम. आर्टिस्टनं २४ एफपीएसच्या हिशोबानं १० ड्रॉइंग काढली, म्हणजे ०.४ सेकंदाच्या वर. डॅश संपून प्लेयर उभा राहिला तरी अॅनिमेशन अर्ध्यावरच. दोघंही आपल्या जागी बरोबर होते, पण अर्धी ड्रॉइंग फेकावी लागली.

आता डॅशचं एकच पान आहे. कशासाठी: खड्डा पार करायला, शत्रू मारायला नाही. नियम: हवेत एकदाच, पाय टेकले की परत मिळतो. मग ज्यावर वाद होतो ते: हलत्या फळीवर टेकलं तरी मिळतो, भिंतीला चिकटून नाही मिळत, डॅशमधे शत्रू लागला तर मार बसतो. शेवटी काय करणार नाही: डॅशचे अपग्रेड नाहीत. आकडे पानावर नाहीत, ते `player.tres` मधे `dash_time` ला आहेत, कारण ते रोज बदलतात अन् दोन जागी ठेवले की एक खोटा होतोच.

तर्री_गेम्स, सदर: डूमच्या वेळी टॉम हॉलनं १९९२ मधे डूम बायबल नावाचा अख्खा जीडीडी लिहिला, त्यातलं बरंचसं गेममधे आलंच नाही. १९९३ मधे डूम आला अन् जग हललं. आता बोल.

धरमपेठ_डेव्ह: ते लोक त्याआधी कीन अन् वोल्फेन्स्टाइन सोबत बनवून बसले होते भाऊ, एकमेकाच्या डोक्यात काय आहे ते त्यांना माहीत होतं. तुझ्या टीममधे दोघं फ्रीलान्सर आहेत.

पिक्सेल_ताई: मी आर्टिस्ट आहे, माझ्यासाठी कोणी बोलून नाही राहिलं म्हणून बोलते. `player.tres` मधे आकडा आहे म्हणे! मी ती फाइल उघडू कुठून? माझ्याकडे गोडो इंजिन नाही, गिट नाही. मागच्या टीममधे पण हेच, सगळं गिटमधे आहे म्हणून सांगायचे, अन् मला व्हॉट्सअॅपवर रात्री व्हॉइस नोट यायची, "ताई थोडं छोटं कर". किती छोटं ते कोणी सांगत नव्हतं. गूगल डॉक ठेवा ना साधा.

रेशीमबाग_कोडर: गूगल डॉकमधे कोणीही काहीही बदलतं अन् कोड तसाच राहतो. गिटमधे मार्कडाउन ठेवलं तर ज्या कमिटनं नियम बदलला त्याच कमिटमधे पान बदलतं, रिव्ह्यूत दिसतं. ब्राउझरमधे वाचता येते ना ती फाइल, शिकून घ्यावं थोडं.

पिक्सेल_ताई: शिकून घ्यावं? तुम्ही शिका मग टायमिंग चार्ट बनवायला! वाचता आली तरी त्यावर कमेंट कुठे टाकू?

नवखा_इतवारी: पब्लिशरला दाखवायला किती पानं लागतात? त्यात मार्केट अॅनालिसिस पण पाहिजे ना?

रेशीमबाग_कोडर: तो पिच डेक, वेगळा विषय आहे.

सीताबर्डी_इंडी: एवढं भांडण कशाला? डिझायनर स्टोन लिब्रँडीचं २०१० चं जीडीसी कॉन्फरन्समधलं वन पेज डिझाइनवरचं भाषण पाहा. मधे चित्र, भोवती नोंदी, भिंतीवर चिकटवा. अख्खा गेम एका पानात बसतो.

धरमपेठ_डेव्ह: चित्राचं पटते. पण अख्खा गेम एका पानात बसवायला गेला की नेमके ते भिंत अन् हलत्या फळीचे नियम गळतात. एक पान एका सिस्टिमला द्यावं.

ताईचं म्हणणं मात्र मानावं लागेल. जो आकडा दोन माणसांच्या कामाला लागतो तो पानावरच पाहिजे: डॅश ०.२ सेकंद, आर्टला ५ ड्रॉइंग. तो बदलायचा तर दोघांना विचारूनच. ग्रॅव्हिटी, अॅक्सिलरेशन हे एकटा प्रोग्रामर हलवतो, ते फाइलमधेच राहू दे. अन् पान जुनं झालं हे ओळखायला वर बिल्ड नंबर लिहावा, शेवटचं कोणत्या बिल्डवर खेळून तपासलं तो.

तर्री_गेम्स, सदर: एका सिस्टिमला एक पान असेल तर चालेल, पण मी फक्त डॅश अन् बॉसचंच लिहीन. मेनूसाठी नाही लिहिणार.

धरमपेठ_डेव्ह: मेनूचं नकोच. ग्रुपवर एकच प्रश्न दुसऱ्यांदा आला तर त्याचं पान लिही.

रेशीमबाग_कोडर: पण गिटमधे.

पिक्सेल_ताई: कुठेही ठेवा, मला लिंक द्या. पीडीएफ पाठवाल तर नाही उघडणार, त्यातला आकडा बदलला तर मला कळतच नाही.