७४.५५ टक्के म्हणजे ७५ का? परीक्षेच्या पात्रतेचा वाद

वर्गशिक्षिका: सत्रात ५५ तास झाले. एक मुलगी त्यांपैकी ४१ तासांना हजर होती. माझ्या शीटमध्ये तिच्या नावापुढे ७५% दिसतं आणि त्याच्या शेजारीच ‘अपात्र’ असं येतं. नियम किमान ७५ टक्के हजेरीचा आहे. शीट एकाच ओळीत असं परस्परविरोधी का सांगतं? आणि तिला परीक्षेला बसू द्यावं की नाही?

आकडेमोड: त्या रकान्याची दशांश स्थळं दोनवर न्या, लगेच ७४.५५ दिसेल. पेशीत आकडा ७४.५४५४… असाच आहे. तुम्ही (किंवा ज्यांनी शीट बनवलं त्यांनी) तो दाखवताना दशांश शून्यावर ठेवलेत, म्हणून डोळ्यांना ७५ दिसतं. पात्रतेचं सूत्र मात्र पेशीतला खरा आकडा बघतं, दिसणारा नाही. तेव्हा ‘अपात्र’ हेच बरोबर आहे. ५५ चे ७५ टक्के म्हणजे ४१.२५, म्हणून ४२ तास हवे होते. तिचा एक तास कमी पडला.

माझं म्हणाल तर पात्रता ठरवताना टक्के काढूच नयेत. ७५ टक्के म्हणजे चारात तीन. हजर तासांची चौपट ही झालेल्या तासांच्या तिप्पटीइतकी किंवा जास्त आहे का, एवढंच बघायचं. B मध्ये हजर तास आणि C मध्ये झालेले तास असतील तर:

```
=IF(C2=0,"",IF(4*B2>=3*C2,"पात्र","अपात्र"))
```

इथे १६४ आणि १६५ समोरासमोर येतात आणि कोण कमी ते कुणालाही दिसतं. सुरुवातीची `C2=0` ही अट काढू नका. ज्या विषयाचा एकही तास झालेला नाही त्याच्यापुढे शून्य आणि शून्य बरोबरीत येतात आणि सूत्र बिनदिक्कत ‘पात्र’ लिहून मोकळं होतं. रिकाम्या ओळींचंही तसंच.

जुना परीक्षक: मला हे पटत नाही. नियमात ७५ लिहिलंय, ७५.०० नाही. पूर्ण टक्क्यांत लिहिलेल्या मर्यादेशी पूर्ण टक्क्यांतलाच आकडा ताडायला हवा. अर्ध्याच्या वर गेलं की पुढचा पूर्णांक धरायचा, हे आपण शाळेत शिकवतो आणि इथे मात्र विसरतो. सूत्रात `ROUND(B2/C2*100,0)>=75` घाला, म्हणजे जे दिसतं तेच ठरेल. एका मुलीचं वर्ष अर्ध्या टक्क्यासाठी अडकवू नका.

आकडेमोड: सर, पूर्णांक केला की मर्यादा ७४.५ वर येते, आणि तेही चालेल असं क्षणभर धरू. पण ती सवलत कुणाला मिळते ते बघा. समजा शेजारच्या तुकडीत ५४ तास झाले. तिथे ४०.५, म्हणजे ४१ तास हवेत. एक मुलगा ४० तासांना हजर आहे, म्हणजे त्याचाही नेमका एकच तास कमी. पण ४० भागिले ५४ म्हणजे ७४.०७. तुमच्या ROUND नंतर तो ७४ वरच राहतो, तो अपात्र. इकडची मुलगी तेवढाच एक तास कमी पडूनही पात्र.

मी ५० ते ६० तासांपर्यंत सगळे आकडे करून पाहिले. ROUND मुळे एक तास सुटतो तो फक्त ५१, ५५ आणि ५९ तास झाले असतील तर. बाकी कुणालाही काही मिळत नाही. शिक्षक एक दिवस रजेवर गेले आणि ५५ चे ५४ झाले, एवढ्यावर दया यायची की नाही हे ठरणार का?

रोखठोक: ५४ आणि ५५ चं उदाहरण मान्य, ROUND अन्यायाचंच आहे. पण आकडेमोड, तुमच्या ‘४२ हवेत’ मध्येही एक गोम आहे. ४१.२५ तास कुणीच बसू शकत नाही. तुम्ही ४२ मागता तेव्हा प्रत्यक्षात ७६.३६ टक्के मागता. नियमात ७५ आहे, मग वरचा बोजा विद्यार्थ्यावरच का? अपूर्णांक आला की खालचा पूर्ण तास धरा. ५५ ला ४१, ५४ ला ४०. तुमची दोन्ही मुलं बसतील आणि पाऊण तासापेक्षा जास्त सूट कुणालाच मिळणार नाही.

आकडेमोड: ‘किमान’ या शब्दाला काही अर्थ आहे ना? ४१ हे ४१.२५ पेक्षा कमीच आहे. पण तुमची रीत सगळ्यांना सारखी लागू होते आणि ROUND होत नाही, एवढं मी मान्य करतो. फक्त ती नियमात आधी लिहिलेली हवी. यादी हातात आल्यावर ठरवायची नाही.

उशिरा आलेली: माझंही असंच झालं होतं. ६० तास झाले, मी ३८ ला हजर होते आणि ८ तास रुग्णालयात होते, प्रमाणपत्रासकट. कार्यालयाने ते ८ तास एकूण तासांतून वजा केले. ३८ भागिले ५२, ७३ टक्के, अपात्र. मैत्रिणीच्या कॉलेजात तेच तास हजेरीत मिळवतात. तिथे ४६ भागिले ६० धरून मला ७६ च्या वर मिळाले असते. मग आजारपणाची सूट म्हणजे नक्की काय?

आकडेमोड: इथे प्रश्न आजारपणाचा नाही, पण तुमचा मुद्दा खरा आहे. वजा केले तर ते तास झालेच नाहीत असं धरलं जातं, आणि मिळवले तर तुम्ही वर्गात होता असं. दुसरी एकही गैरहजेरी नसेल तर दोन्ही सारखंच, नाहीतर मिळवणं विद्यार्थ्याला जास्त फायद्याचं पडतं. ‘सूट मिळेल’ एवढंच लिहिलेला नियम अर्धाच आहे.

मधला बाक: एवढं कशाला? जितके तास कमी तितके जादा तास घ्या, झालं. तिचा एक कमी आहे, एक तास जास्त घ्या.

आकडेमोड: तिच्यापुरतं बरोबर आहे, ४२ भागिले ५६ म्हणजे नेमके ७५. पण हा नियम समजू नका. ५६ पैकी ३८ असलेल्याला ४२ हवेत, म्हणजे ४ कमी. त्याने ४ जादा तास केले तर ६० पैकी ४२ होतात, फक्त ७० टक्के, कारण जादा तास झालेल्या तासांतही धरले जातात. त्याला सलग १६ तास बसावं लागेल, तेव्हा कुठे ७२ पैकी ५४ होतील. झालेल्या तासांच्या तिप्पटीतून हजर तासांची चौपट वजा केली की हा आकडा मिळतो. म्हणून हे पोरांना सत्राच्या मध्यावर दाखवायला हवं. शेवटच्या आठवड्यात १६ तास आणणार कुठून?

जुना परीक्षक: ROUND मागे घेतो, ५४ आणि ५५ चं मला सुचलं नव्हतं. पण मुलीला बसू द्या हे म्हणणं मागे घेत नाही. रोखठोक यांची रीत धरा.

वर्गशिक्षिका: दशांश दोनवर नेले आणि सूत्र बदललं. दुसऱ्या तुकडीत ५४ पैकी ४० वालाही खरंच एक निघाला, त्याच्याकडे कुणाचं लक्षच गेलं नव्हतं. कारण त्याच्यापुढे सरळ ७४ दिसत होतं. दोघांची नावं एकत्रच मुख्याध्यापकांकडे पाठवली आहेत, आणि सोबत एक प्रश्न: अपूर्णांक वर न्यायचा की खाली? अजून उत्तर आलेलं नाही. दरम्यान एक जादा तास घेऊन तो दोघांना मोजता येईल का, की झालेल्या तासांची यादी आता बंद झाली?

रोखठोक: दोघांना पुरणार नाही तो. मुलगी ५६ पैकी ४२ होऊन बसते, पण मुलगा ५५ पैकी ४१ वरच येतो, म्हणजे पुन्हा ७४.५५; त्याला दोन तास हवेत, तेव्हा ५६ पैकी ४२ होतील. आणि जादा तास घ्याल ते सगळ्या वर्गासाठी घ्या. नाहीतर बाकीच्यांचे झालेले तास किती धरायचे, हा नवा वाद सुरू होईल.